श्रावणाच्या दोन कविता आणि दोन रंगांच्या पेन्सिली

दहावीच्या वर्षी, तलावपाळीवर पावसाची झोड उठलेली असताना, आमच्या मराठीच्या बाईंनी फळ्यावर दोन कवितांची नावे लिहिली : बालकवींची ‘श्रावणमास’ आणि मर्ढेकरांची ‘आला आषाढ-श्रावण’. या दोन कवितांची तुलना करणारा निबंध आम्हांला लिहायचा होता. मी पहिल्या दोन पानांवर बालकवी लिहिले, पुढच्या दोन पानांवर मर्ढेकर लिहिले आणि शेवटी ‘अशा प्रकारे दोन्ही कविता सुंदर आहेत’ असे वाक्य जोडले.

बाईंनी वही परत देताना लाल आणि निळी अशा दोन पेन्सिली दिल्या आणि प्रत्येक परिच्छेदात एका कवीविषयीचे वाक्य लाल, दुसऱ्याविषयीचे निळे अधोरेखित करायला सांगितले. माझी दोन पाने अखंड लाल निघाली आणि दोन अखंड निळी. ‘हे दोन निबंध आहेत, तुलना अजून व्हायची आहे,’ एवढेच त्या म्हणाल्या. आज वाशीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवताना मी विद्यार्थ्यांना हीच परीक्षा करायला लावतो.

पुढच्या खेपेस मी मुद्द्यांनुसार मांडणी केली, पण मध्यवर्ती विधान चुकले. ‘बालकवींचा श्रावण खेड्यातला, मर्ढेकरांचा शहरातला’ असे मी लिहिले होते. बाईंनी या विधानाला छेद देणाऱ्या ओळी शोधायला सांगितल्या आणि त्या दोन्ही कवितांत सापडल्या. बालकवींच्या कवितेत पिवळे ऊन ‘उंच घरांवर’ही पडते आणि मुली फुले खुडतात त्या ‘पुरोपकंठी’, म्हणजे नगराच्या वेशीलगत. उलट मर्ढेकरांकडे चाळी आणि डांबरी रस्ता आहे, तसे पोपटी रंगाची नक्षी दाखवणारे रानही आहे. छेद देणारी ओळ लपवायची नसते. तिला सामावून घेईपर्यंत विधान बदलायचे असते.

मग मी दोन्ही कवितांतले परिमाण दाखवणारे शब्द वेचले. बालकवींच्या ललनांचा ‘हर्ष माइना हृदयात’. मर्ढेकरांकडे वीज ‘थोडी’ ओशाळते आणि मनातल्या तापलेल्या तारा ‘जरा’ निवतात. त्यातून विधान मिळाले : दोन्ही कवी पावसाच्या दिवसांचे स्वागत करतात, परंतु बालकवींना त्यांत ओसंडणारा आनंद दिसतो, तर मर्ढेकरांना तापलेल्या मनाला मिळणारा मोजका दिलासा. कवींच्या चरित्रासाठी एक वाक्य पुरे झाले : १९१८ साली बालकवी गेले तेव्हा मर्ढेकर आठ वर्षांचे होते, म्हणजे दोघांमध्ये एका पिढीचे अंतर आहे.

निबंधाचा कणा ठरला तो पाखरांचा परिच्छेद. दोन्हींत भिजलेले पक्षी आहेत, म्हणून तुलनेला समान भूमी मिळते. बालकवींची पाखरे फडफड करून भिजले पंख सावरतात. कवी त्यांना दुरून, प्रसन्नपणे पाहतो. मर्ढेकर लिहितात, ‘ओल्या पानांतल्या रेषा वाचतात ओले पक्षी’; येथे पान आणि पक्षी एकाच ओलाव्याचे भाग झाले आहेत. ‘वाचणे’ हे क्रियापद बालकवींच्या शेवटच्या ओळीतही आहे, ‘वदनी त्यांच्या वाचून घ्यावे श्रावण महिन्याचे गीत’. तिथे वाचणारा माणूस आहे आणि आनंद चेहऱ्यावर लिहिलेला आहे; मर्ढेकरांकडे वाचणारे पक्षी आहेत आणि माणसाच्या वाट्याला चाळींतली ओली चिरगुटे येतात. हे साम्य दिसले तेव्हा मी अक्षरशः उठून उभा राहिलो होतो. वेगवेगळ्या पानांवर ते मला कधीच दिसले नसते.

पुढचा परिच्छेद भाषेचा होता. इंद्रधनुष्य पाहून बालकवी ‘भासे’ म्हणतात, सूर्यास्ताविषयी ‘वाटतो’ म्हणतात, म्हणजे कल्पना आणि वस्तू वेगळ्या ठेवतात. मर्ढेकरांचे मेघ कौलारांतली लाली थेट हुंगतात. छंदाचे निरीक्षणही विधानाशी बांधावे लागले. ‘श्रावणमास’ची तीस मात्रांची ऐसपैस ओळ दृश्यांमागून दृश्ये सामावते, तर मर्ढेकरांच्या आठ अक्षरांच्या आटोपशीर चरणात ‘जरा’ हा शब्द चपखल बसतो. असा दुवा जुळत नसेल तर छंद वगळलेला बरा.

या मांडणीत एक उणीव राहते. मुद्द्यांनुसार कापत गेल्यावर कवितेची आतली वाटचाल हरवते. म्हणून शेवटचा परिच्छेद मी दोन्ही कविता कुठून निघून कुठे पोचतात, यासाठी ठेवला : बालकवी पहिल्याच ओळीतल्या हर्षापासून निघून, आकाश आणि राने ओलांडून, देवदर्शनाला निघालेल्या स्त्रियांच्या चेहऱ्यांवरच्या त्याच हर्षाशी परततात, मर्ढेकर चातकाच्या तहानेपासून निघून निवलेल्या दिशांशी थांबतात. त्या परिच्छेदात जवळजवळ प्रत्येक वाक्याखाली लाल आणि निळी, दोन्ही रेषा आल्या.