आकडा बरोबर, एकक चुकीचं

आज लॅमिंग्टन रोडला काउंटरवर एकाने 7805 रेग्युलेटरच्या इनपुटला लावायला 330 µF चा कपॅसिटर मागितला. दुकानदार म्हणाला, "अहो, तिथे 0.33 µF लागतो ना?" त्या गिऱ्हाइकाकडच्या भाषांतरित मराठी डेटाशीटवर, चाचणीच्या अटींत छापलं होतं: 0.33 mF.

आकडा जसाच्या तसा, एकक मात्र हजारपट मोठं. बऱ्याच जुन्या फाइलींत µ म्हणजे सिम्बॉल फॉन्टमधला m असतो. मजकूर कॉपी करताना फॉन्ट गळला की नुसता m उरतो. तसाच Ω चा W होतो.

म्हणून फक्त अंक ताडून भागत नाही. मूळ पीडीएफ शेजारी उघडून एककांचा रकाना डोळ्यांनी वाचायचा, आणि भाषांतरात mF, kW शोधून बघायचे. एवढ्याशा रेग्युलेटरच्या तक्त्यात किलोवॅट येईलच कुठून?