सिडनीत बाथरूमचं काम काढलं तेव्हा

आमचं घर 1970च्या दशकातलं, लाकडी जमिनीचं. दोन वर्षं शॉवरच्या कोपऱ्यातली फरशी हलत होती आणि मागच्या खोलीच्या भिंतीला ओल येत होती. शेवटी काम काढायचं ठरवलं आणि तीन ठेकेदारांना बोलावलं. तिघांनीही जागा पाहिली, टेप लावला, आठवड्याभरात कोटेशन पाठवलं. पहिल्याचं 18,500 डॉलर, दुसऱ्याचं 25,500, तिसऱ्याचं 31,000. पहिल्याच्या कागदावर एकच ओळ होती: "बाथरूमचं संपूर्ण नूतनीकरण".

पुण्यात आईच्या घरी मिस्त्री रोज समोर असतो, काही राहिलं तर त्याला तिथल्या तिथे सांगता येतं. इथे कागदावर नाही ते कामात नाही, आणि नंतर सांगितलं की जादा पैसे. म्हणून तिघांनाही कळवलं की थांबा, मी कामाची यादी पाठवते, तिच्यावरून पुन्हा आकडा द्या.

दोन पानी यादी करायला दोन रविवार लागले. बाथरूम 2.4 बाय 1.8 मीटर. टाइल्स भिंतीला छतापर्यंत लावायच्या की दोन मीटरपर्यंत, हे मी आधी कुणालाच सांगितलं नव्हतं, त्यामुळे प्रत्येकाने आपापलं धरलं होतं. छतापर्यंत लावायच्या तर दार-खिडकी वजा करून भिंती सुमारे 18 चौरस मीटर, जमीन साडेचार, तुटफूट धरून 25. टाइल्स अजून निवडल्या नव्हत्या. अशा वेळी ठेकेदार मनाने एक दर धरतो, त्याला इथे 'प्राइम कॉस्ट' म्हणतात. एकाने चौरस मीटरला 35 डॉलर धरले होते, दुसऱ्याने 60. नुसत्या त्या फरकाचेच 625 डॉलर होतात, आणि 35वाला स्वस्त दिसतो तो फक्त कागदावर, कारण मनासारखी टाइल त्या दरात मिळाली नाही तर वरचे पैसे आपल्याच खिशातून जातात. मी सगळ्यांना एकच दर दिला: 45. बेसिन, कमोड आणि नळांचे मॉडेल नंबर मी दुकानात जाऊन लिहून आणले.

वॉटरप्रूफिंगबद्दल नेमकं लिहिलं: पूर्ण जमीन, शॉवरच्या भिंती 1800 मिलिमीटरपर्यंत, आणि जमिनीचा उतार जाळीकडे, म्हणजे 80 सेंटिमीटरला किमान एक सेंटिमीटर. हे इथल्या बांधकाम नियमांतच आहे, पण यादीत असलं की काम सुरू असताना आपल्यालाही पट्टी लावून बघता येतं.

सगळ्यात मोठा फरक अ‍ॅस्बेस्टॉसचा निघाला. त्याची धूळ फुप्फुसांना घातक, म्हणून ऑस्ट्रेलियात 2003च्या अखेरीस त्यावर पूर्ण बंदी आली, पण जुन्या घरांत बाथरूमच्या टाइल्समागे अजून त्याचेच पत्रे असतात. मी आधीच तुकडा प्रयोगशाळेत तपासून घेतला. अ‍ॅस्बेस्टॉस निघालं. अहवाल यादीला जोडला. इथल्या न्यू साउथ वेल्स राज्यात 10 चौरस मीटरपेक्षा जास्त पत्रा काढायला परवानाधारक माणूस लागतो, आणि आमच्या भिंती त्याहून कितीतरी जास्त.

नवे आकडे आले. पहिल्याच्या 18,500मध्ये जीएसटीचे 1,850, अ‍ॅस्बेस्टॉसचे 2,300, छतापर्यंतच्या टाइल्सचे 1,650, वायरिंग आणि पंख्याचे 1,000, राडारोडा उचलण्याचे 900 मिळवले. झाले 26,200. दुसऱ्याचे 26,400. तिसऱ्याने कमोड दुसऱ्या भिंतीला न्यायचा असं आपणहून धरलं होतं, ते काढल्यावर तो 28,900वर आला. पहिल्या खेपेला सगळ्यात महाग आणि सगळ्यात स्वस्त यांत 12,500चं अंतर होतं, आता 2,700 उरलं.

यादीत शेवटी एक प्रश्न ठेवला होता: फरशी उखडल्यावर खालचं लाकूड कुजलेलं निघालं, तर बदलायचा मीटरला दर काय? दुसऱ्याने 95 लिहिला, तिसऱ्याने 140. पहिल्याने लिहिलं, "तेव्हा बघू." वर फोनवर म्हणाला की करार 20,000च्या आत दाखवू, उरलेले रोख द्या. इथे 20,000च्या वर काम गेलं की ठेकेदाराला आगाऊ रक्कम घेण्याआधी घरमालकासाठी विमा काढावाच लागतो, आणि आगाऊ रक्कमही दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. तो विमा टाळायला ही युक्ती. उद्या हा माणूस काम अर्धवट टाकून गायब झाला, तर आमच्या हातात काही उरलं नसतं. त्याला तिथेच नाही म्हटलं.

काम दुसऱ्याला दिलं. तिसऱ्या दिवशी शॉवरखालची फरशी निघाली आणि त्याने मला बोलावलं. खालचा वासा बोटाने दाबला तर ओल्या खारकेसारखा दबत होता. चार मीटर बदलावं लागलं. त्याने यादीचं शेवटचं पान काढलं, खाली 4 गुणिले 95 लिहिलं, 380 डॉलर, आणि दोघांनी सही केली.