बेरीज प्लसमध्ये, निफ्टी मायनसमध्ये: लॉग रिटर्नशी माझी झटापट

शेअर मार्केटचा डेटा घेऊन एक्सेलमध्ये खेळायची सवय मला लॉकडाऊनमध्ये लागली, पण लॉग रिटर्न म्हणजे नक्की काय ते कळायला त्यानंतर बराच वेळ गेला आणि कळलं तेही एक चूक सापडली म्हणून.

झालं असं की मार्च 2020 च्या त्या भयंकर आठवड्याचे निफ्टीचे क्लोजिंग भाव मी शीटमध्ये टाकले. शुक्रवारी, 20 मार्चला 8745.45, सोमवारी 7610.25, मग रोज थोडं थोडं वर म्हणजे 7801.05, 8317.85, 8641.45 आणि 27 तारखेला 8660.25. रोजचे टक्के काढले तर −12.98, +2.51, +6.62, +3.89, +0.22. आठवड्याचं किती झालं बघू म्हणून सरळ खाली SUM मारला, उत्तर आलं +0.26 टक्के. म्हणजे आठवडाभरात फायदा? पण निफ्टी तर 8745 वरून 8660 वर आलेला, म्हणजे 0.97 टक्के तोटा! आधी वाटलं कुठलातरी भाव चुकीचा टाइप झालाय, दोनदा तपासला, सगळे बरोबर.

माझा मावसभाऊ गणित शिकवतो, त्याला शीट पाठवली. त्याने एकच विचारलं, "अरे, टक्के कशाचे?"

तिथेच ग्यानबाची मेख होती. सोमवारचे 12.98 टक्के 8745 चे गेले, मंगळवारचे 2.51 टक्के मात्र 7610 चे आले, म्हणजे रोज टक्के वेगळ्याच आकड्याचे आणि मी ते एकाच आकड्याचे असल्यासारखे जोडत होतो. खरं तर हे गुणायचे असतात, 0.8702 गुणिले 1.0251 गुणिले 1.0662 असं पाचही दिवसांचं, मग 0.9903 येतं आणि तोच तो 0.97 टक्के तोटा.

"आता गुणाकाराची बेरीज करायची तर लॉग घे दादा, शाळेत लॉग टेबल कशाला वापरायचास?" हे त्याचं पुढचं वाक्य. (शाळेत मी ते टेबल फक्त बाकावर कोरीव काम करताना खाली धरायला वापरलं होतं, पण असो.)

मग शेजारी एक कॉलम केला, भाव B2 ते B7 मध्ये आणि D3 चा फॉर्म्युला D7 पर्यंत खाली ओढलेला:

```
D3:  =LN(B3/B2)
D8:  =SUM(D3:D7)
D9:  =EXP(D8)-1
```

रोजचे आकडे आले −13.90, +2.48, +6.41, +3.82, +0.22 आणि बेरीज −0.98. EXP लावून परत साध्या टक्क्यात आणलं की −0.97, बरोब्बर! (दोन दशांशांपर्यंतचे आकडे हाताने जोडाल तर −0.97 दिसेल, तो राउंडिंगचा फरक आहे.) हे का जुळतं, तर लॉगमध्ये भागाकाराची वजाबाकी होते, सोमवारचा रिटर्न म्हणजे सोमवारच्या भावाचा लॉग वजा शुक्रवारच्या भावाचा लॉग, मंगळवारचा म्हणजे मंगळवारचा वजा सोमवारचा. आता जोडा, सोमवार एकदा अधिक आणि एकदा वजा, कटला. मंगळवारही कटला. मधले सगळे भाव असे कटत जातात आणि उरतो फक्त शेवटचा वजा पहिला, मग पाच दिवस असोत की पाच वर्षं.

आधी मात्र मी LN ऐवजी LOG टाइप केलं होतं आणि यात एक दिवस गेला. एक्सेलचा LOG दहाच्या पायाचा असतो, LN आणि EXP मात्र e च्या पायाचे, पण बेरीज तरीही आपापसात जुळते त्यामुळे चूक दिसत नाही, EXP लावल्यावर −0.42 आलं तेव्हा डोकं खाजवत बसलो. पकडायची सोपी खूण अशी की ज्या दिवशी हालचाल छोटी असते त्या दिवशी साधा आणि लॉग रिटर्न जवळपास सारखे यायला हवेत. 27 तारखेला साधा 0.22 आणि माझा "लॉग" 0.09 होता, तिथेच शंका यायला हवी होती.

मग काय, हातात हातोडा आला म्हणून मी पोर्टफोलिओलाही लॉग रिटर्न लावायला निघालो, दोन शेअर्सचे लॉग रिटर्न घेऊन सरासरी. मावसभावाने लगेच अडवलं. समज 5,000 एकात आणि 5,000 दुसऱ्यात, पहिला दुप्पट झाला, दुसरा निम्मा. लॉगमध्ये +69.3 आणि −69.3, सरासरी शून्य, पण खिशात बघ, 10,000 अधिक 2,500, म्हणजे साडेबारा हजार, 25 टक्के फायदा. इथे साधे रिटर्नच चालतात, +100 आणि −50 ची सरासरी 25. कारण एकाच वेळी वेगवेगळ्या शेअर्समध्ये असलेले रुपये खरंच एकमेकांत मिळवले जातात, गुणले जात नाहीत.

आता माझ्या शीटमध्ये दोन्ही कॉलम आहेत. एका दिवसाचा पूर्ण पोर्टफोलिओ साध्या रिटर्नने काढतो, मग त्या एका आकड्यात 1 मिळवून LN घेतो आणि दिवस जोडायला तोच वापरतो.