आमची वाटचाल: चोवीस पानं आणि एक फासा

आमची कंपनी चार माणसांची. मोबाइलवरचे खेळ करतो. हे लिहायला घेतलं त्याचं खरं कारण असं, की आमच्या पाणबुड्याच्या खेळाची गोष्ट आता दुसरेच लोक सांगू लागलेत, आणि चुकीची सांगतात. तेव्हा एकदा आमच्या तोंडून ऐका.

सुरुवातीला मी आणि माझा भागीदार, दोघंच होतो. कोड तो लिहायचा, बाकी सगळं मी. कल्पना साधी होती. पाणबुड्या खाली जातो, एकेक मोती गोळा करतो. प्रत्येक मोत्याला दोन गुण. कुठल्याही क्षणी वर यावं, मग हातातले गुण पक्के. पण खाली असताना भोवऱ्यात सापडला, तर त्या बुडीतले सगळे मोती गेले. अशा आठ बुड्या झाल्या की खेळ संपला. ऐकायला झकास वाटतं. आम्हालाही वाटलं, म्हणून लगेच कोड लिहायला बसलो.

अकरा महिने गेले. पाण्यातून झिरपणारा उजेड, बुडबुडे, पाणबुड्याच्या पायांची हालचाल, सगळं सुंदर झालं. आणि लोक दहा मिनिटांत खेळ बंद करू लागले. पैसे संपत आलेले, भागीदार रात्री झोपेना, मी दिवसा कुणाशी बोलेना. आम्ही आणखी बुडबुडे घातले.

खेळाची मेख ज्यांनी काढली, त्या काकू प्रोग्रामर नाहीत. निवृत्त गणित शिक्षिका आहेत, आमचा पहिलावहिला खेळ विकत घेणाऱ्या. त्यांनी फोन खाली ठेवला आणि म्हणाल्या, "अरे, मी विचारच करत नाहीये. पाच मोती घेते, वर येते. दरवेळी तेच." मग टेबलावर एक फासा आणि मूठभर बटणं मागितली. फाशावर एक पडला की भोवरा, दुसरं काहीही पडलं की मोती. वीस मिनिटांत आमचे अकरा महिने त्या टेबलावर उघडे पडले.

हिशेब असा. हातात आठ गुण असतील आणि आणखी एक मोती घ्यायला गेलात, तर सहांपैकी पाच वेळा दहा होतात, एकदा शून्य. सरासरी आठ पूर्णांक एक तृतीयांश. आठापेक्षा जास्त, म्हणजे जावं. हातात दहा असतील, तर सहांपैकी पाच वेळा बारा, सरासरी बरोब्बर दहा. जाऊन फायदा नाही, न जाऊन तोटा नाही. म्हणजे पाच मोत्यांवर थांबावं हे खेळ सुरू व्हायच्या आधीच ठरलेलं, कारण फाशाला मागचं काही आठवत नाही. पाचही मोती घेऊन सुखरूप वर यायची शक्यता शंभरात चाळीस. उरलेल्या साठ वेळा खेळाडू बुडतो, आणि त्यात त्याची चूक काहीच नसते. मग माणूस चिडणार नाही तर काय करणार! आणि या सगळ्याचा गाभा आमच्या कोडमध्ये एवढाच होता:

```python
if random.randint(1, 6) == 1:
    moti = 0
```

या दोन ओळींभोवती आम्ही अख्खा समुद्र रंगवला होता.

त्या रात्री भागीदारानं आणि मी जुन्या वहीचे पुठ्ठे कापून चोवीस पानं केली. वीसवर पेन्सिलीनं मोती, चारवर भोवरा. प्रमाण तेच, सहात एक. फरक एवढाच, की उचललेलं पान कॅटमध्ये परत जात नाही, बाजूला उताणं पडून राहतं. आणि दोघं खेळाडू आळीपाळीनं एकाच कॅटमधून बुडी मारतात.

एवढ्यानं काय होतं ते बघा. समजा सुरुवातीची आठ पानं सगळी मोत्यांची निघाली. आता सोळा पानं उरली आणि त्यात चारही भोवरे. धोका सहात एकवरून चारात एकवर आला, आणि तोच हिशेब आता सांगतो की तीन मोत्यांवर थांबा. उलट पहिल्या चार पानांत दोन भोवरे गेले, तर वीस पानांत दोनच राहिले. धोका दहात एक, दर मोत्यागणिक तो थोडा वाढतो, तरी सहा मोत्यांपर्यंत खुशाल जा. हिशेब एकच, पण उत्तर दर बुडीला वेगळं. शिवाय ते उत्तर टेबलावर पडलेल्या पानांकडे बघून काढावं लागतं.

भागीदार मध्येच म्हणाला, "शेवटी शेवटी पानं मोजून सगळं कळेल की." बरोबर होतं त्याचं. म्हणून कॅट पिसून झाला की तळाच्या सहा पानांवर एक भरतीचं पान ठेवायचं. भरती निघाली की सगळी पानं गोळा करून पुन्हा पिसायची. खालची सहा कुणीच बघत नाही. आणि चौथा भोवरा निघाला तरी तिथेच भरती, नाहीतर पुढची सगळी पानं फुकटची झाली असती. हे दोन नियम कोडमध्ये शोधायला किती दिवस गेले असते कोण जाणे. टेबलावर पहाटेपर्यंत झाले.

आता न विचारलेला सल्ला. पानं पेन्सिलीनंच लिहा. छापलेल्या पानावर खोडायला जीव होत नाही, आणि समोरचा माणूसही सुंदर पानाला नावं ठेवत नाही. पानाच्या कोपऱ्यात आवृत्तीचा आकडा घाला, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात दोन आवृत्त्या एकाच कॅटमध्ये पिसल्या जातात, आमच्या गेल्या होत्या. पिसताना आळस करू नका. बावन्न पानं दोन भाग करून एकमेकांत मिसळायची, तर सात वेळा तरी मिसळावी लागतात. नवखे लोक दोनदा करतात आणि मग मोत्यांची रांगच्या रांग निघाली की नियमाला दोष देतात.

आणि सर्वांत मोठं, लोक खेळत असताना गप्प बसा. मला हे जमायला वर्ष लागलं. माणूस अडखळला की मी लगेच समजवायचो, आणि नियम कुठे तोकडा आहे ते मलाच कळायचं नाही. आता मी हातात वही धरतो आणि एकच गोष्ट लिहितो: प्रत्येक बुडीत किती मोत्यांवर थांबला. रकाना ५, ५, ४, ५, ५ असा आला तर तो निर्णय मेलेला आहे. ३, ७, २, ९ आला तर जिवंत. मजा आली का असं विचारू नका, सगळे हो म्हणतात.

आता त्या गृहस्थांबद्दल. नाव घेत नाही. आमच्याच धंद्यातले, कंपनी आमच्याहून मोठी. फाशाच्या प्रयोगाच्या दिवशी ते आमच्याकडे सहज आलेले. टेबलावरची बटणं बघून हसले, "पोरखेळ चाललाय" म्हणाले, आणि जाताना फोनमध्ये फोटो काढून गेले. चार महिन्यांनी त्यांचा पाणबुड्या बाजारात. मोती तेच, भोवरा तोच. वकिलानं आम्हाला सांगितलं की खेळाच्या नियमांवर कॉपीराइट मिळत नाही. मिळतो तो नियम ज्या शब्दांत लिहिलेत त्यांवर आणि चित्रांवर. बटणांवर कसला आलाय कॉपीराइट!

पण त्यांनी उचललं ते फाशावालं रूप. पत्त्यांचं त्यांना माहीतच नव्हतं. मी त्यांचा खेळ विकत घेतला, वही काढली आणि स्वतः चाळीस बुड्या मारल्या. पाच मोती, वर. पाच मोती, वर. त्यांची जाहिरात मोठी होती, त्यामुळे पहिले तीन महिने तो धो धो चालला, आणि आजही लोक मला विचारतात की तुमचा खेळ त्यांच्यावरून घेतला का. या प्रश्नाचं उत्तर देऊन देऊन मी थकलो, म्हणून हा लेख.

आमचं पत्त्यांचं रूप कोडमध्ये यायला सात आठवडे लागले. मूळ बदल लहानसा:

```python
gaddi = ["moti"] * 20 + ["bhovra"] * 4
random.shuffle(gaddi)
```

तरी पहिल्या चाचणीत लोक म्हणाले, "हा खेळ फसवतोय." टेबलावर जो खेळ लोकांना दोन तास सोडवत नव्हता, तोच फोनवर कुणाला आवडेना. आठवडाभर आम्ही कोडमध्ये चूक शोधली, सापडली नाही. मग भागीदाराच्या लक्षात आलं. टेबलावर उचललेली पानं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पडलेली असतात. फोनवर ती नाहीशी होत होती. माणसाला मोजायला काही उरलंच नव्हतं, आणि त्याच्या दृष्टीनं कॅट पुन्हा फासाच झाला होता. पडद्याच्या कडेला मोत्यांची आणि भोवऱ्यांची रांग दाखवली, तक्रार थांबली. दुसरी गोष्ट वेगाची. हातानं पान उलटताना माणूस कोपरा हळूच उचलतो, श्वास धरतो. बटण दाबल्यावर निकाल तत्क्षणी येत होता. आम्ही जेमतेम अर्ध्या सेकंदाचा उशीर घातला. टेबल या दोन्ही गोष्टी फुकट देतं, म्हणून त्या नियमात लिहायचं सुचत नाही.

आणि कागदाला जे जमत नाही ते जमत नाही. पुढे आम्ही एक धावण्या-उड्यांचा खेळ कागदावर करून बघितला. टप्प्यांचा क्रम, पायऱ्यांची मांडणी, इतकं कळलं. उडी हाताला कशी लागते हे कुठलंही पान सांगत नाही. ते सरळ कोडमध्ये, चौकोनी ठोकळे घेऊन.

नंतरची सहा वर्षं ठीक गेली.

काकू अजून येतात. नवा खेळ आला की पहिला प्रयोग त्यांच्यावरच. आता आम्ही पानं प्लास्टिकच्या पाकिटांत घालतो, मागे खेळायच्या पत्त्याचं जुनं पान आणि पुढे कागदाची चिठ्ठी, म्हणजे सगळ्यांची पाठ सारखी दिसते. गेल्या महिन्यात त्या पाकिटांवरून हात फिरवत काकू म्हणाल्या, "हे बरं केलंत. त्या पाणबुड्याच्या एका भोवऱ्याचा कोपरा दुमडलेला होता. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

मी जुनी वही काढली. ज्या रकान्यांच्या जोरावर आम्ही फासा टाकून पत्ते घेतले, त्यातला सगळ्यात देखणा काकूंचा होता: २, ९, ३, ८. बाकी पाच जणांचे आकडे पुन्हा तपासले. तेही वेगवेगळेच होते, सुटलो. काकूंचा रकाना तेवढा लाल पेन्सिलीनं खोडला. त्या समोरच बसल्या होत्या, म्हणाल्या, "मी जिंकत होते हे तरी राहू दे."