पाटी दिसत नसेल तर?

*“फोटो बघताच तुम्ही म्हणता, ‘हा आरशातल्यासारखा उलटा आहे, आधी सरळ करा, मग बोलू.’ पाटी नीट दिसत नसताना तुम्हाला हे कळतं कसं?”*

आमच्या गल्लीतल्या एका काकांचा किस्सा सांगतो, त्यात बहुतेक उत्तर येतं. त्यांनी वडिलांच्या ट्रंकेतला एक कृष्णधवल प्रिंट आणला. नाशिकला गोदेच्या पात्रात, दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या आसपास उभं राहून काढलेला. त्यात समोर दूरवर पूल, डावीकडे नारोशंकराचं देऊळ. काकांचं म्हणणं असं, की नदीने पात्र बदललं, आज पलीकडच्या, पंचवटीच्या काठावर असलेलं हे देऊळ पूर्वी नाशिकच्या काठाला होतं. १७४७ सालचं देऊळ उठून पंचवटीत गेलं म्हणायचं!

काठावरच्या एका फलकावरची अक्षरं मला उलटी वाटली. ती पुसट होती, पण पुसट देवनागरीतही एक खूण टिकते: शिरोरेषा वरच राहते आणि प, म, त, न यांचा उभा दंड उजवीकडून डावीकडे जातो. काका म्हणाले, “कापडी बॅनर असेल, मागच्या बाजूने दिसतोय.” शंका रास्त होती. कापड मागून, काच आतून, दुकानाच्या काचेतलं प्रतिबिंब, या सगळ्यांत फोटो सुलटा असूनही अक्षरं उलटी दिसतात. रुग्णवाहिकेच्या पुढच्या बाजूला तर ती मुद्दाम उलटी लिहिलेली असतात. म्हणून एकाच पाटीवर मी फोटो पलटत नाही.

मग नदीकडे वळलो. अहिल्याबाई होळकर पूल, म्हणजे जुना व्हिक्टोरिया पूल, रामकुंडाच्या आणि मारुतीच्याही वरच्या अंगाला आहे. मारुतीच्या बाजूने पाहताना समोर पूल दिसत असेल, तर आपलं तोंड प्रवाहाच्या विरुद्ध दिशेला आहे. अशा वेळी पंचवटी उजव्या हाताला यायला हवी, आणि काकांच्या फोटोत ती डावीकडे होती. पूल पाठीमागे टाकून काढलेल्या फोटोत मात्र पंचवटी डावीकडेच येते, आणि तो फोटो अगदी बरोबर असतो. “देऊळ डावीकडे आहे” एवढ्यावर काहीच ठरत नाही. आधी पाण्याची दिशा पकडावी लागते.

तिसरा पुरावा माणसांचा. शर्टाचा एकच खिसा असेल तर तो सहसा घालणाऱ्याच्या डाव्या छातीवर असतो. समोरून पाहताना तो आपल्या उजवीकडे यायला हवा. काकांच्या फोटोत दोघांचे खिसे आपल्या डावीकडे होते. एक भटजीही उभे होते आणि जानवं त्यांच्या उजव्या खांद्यावर दिसत होतं. काका आता माझ्या बाजूने बोलायला लागले होते, पण हा पुरावा मीच बाद केला. रामकुंडावर श्राद्धकर्म चालू असेल तर जानवं अपसव्य, म्हणजे उजव्या खांद्यावरच असतं. पदराचंही तसंच: गुजराती पद्धतीच्या साडीचा पदर उजव्या खांद्यावरून पुढे येतो. अशा खुणांना मी अर्धंच वजन देतो.

अलीकडच्या फोटोत गाडीची पाटी फसवते. M आणि H उलटे केले तरी तसेच दिसतात, फक्त जागा बदलतात. त्यामुळे MH च्या जागी HM दिसलं तर वाचायची घाई करू नका, शेजारचा 5 बघा. तो आरशातला असेल तर संशय पक्का. सेल्फीत हे वरचेवर होतं, कारण काही फोन पुढच्या कॅमेऱ्याचं आरशातलं चित्र तसंच जतन करतात.

सरळ करताना बहुतेकांची चूक एकच होते. ते Rotate दाबतात. फिरवल्याने फोटो आडवा-उभा होतो, आरसा जात नाही. हवं असतं ते Flip Horizontal, म्हणजे डावं-उजवं पलटणं. मी कॉम्प्युटरवर इमेजमॅजिक वापरतो. त्यात नावाचाच घोळ आहे: `-flip` वर-खाली पलटतं, आपल्याला हवं ते `-flop`:

```
magick ghat.jpg -flop ghat-sulta.jpg
```

नवं नाव देतो ते मूळ प्रत शाबूत राहावी म्हणून. पलटल्यावर लगेच निष्कर्षाकडे धावत नाही. फलक, खिसे, पूल आणि देऊळ सगळे एकमेकांशी जुळतात का, ते पुन्हा पाहतो. प्रतिबिंबातली एकच पाटी उलटी असेल आणि आपण पूर्ण फोटो पलटला, तर बाकीचं सगळं बिघडतं. ते इथे दिसतं.

काकांच्या पाकिटात निगेटिव्हही निघाली. तिची एक बाजू चकचकीत, दुसरी निस्तेज. निस्तेज बाजूला रसायनाचा थर असतो. चकचकीत बाजू आपल्याकडे धरली की काठावरची अक्षरं आणि आकडे सुलटे वाचता येतात, आणि चित्रही तेव्हाच सुलटं असतं. प्रिंट करताना कुणीतरी ती पालथी ठेवली होती. खिडकीच्या उजेडात धरल्यावर देऊळ उजवीकडे आलं. काका थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “म्हणजे डावीकडून दुसरे ते आमचे अण्णा नव्हेतच. उजवीकडून दुसरे.”