बॅलन्स ट्रान्सफर ऑफर घेण्याआधी फीचा हिशोब कसा केला, माझा अनुभव

माझ्या जुन्या क्रेडिट कार्डावर १,४०,००० थकले होते आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के, तेवढ्यात दुसऱ्या कार्डवाल्यांची ऑफर आली की शिल्लक आमच्याकडे ट्रान्सफर करा, सहा महिने महिन्याला फक्त १ टक्का, प्रोसेसिंग फी ३ टक्के. नवरा म्हणाला, "अगं साडेतीन कुठे आणि एक कुठे, टाक सगळंच तिकडे." फोनवरच्या मुलाचंही तेच, मॅडम फुल अमाउंट करून टाका. मी म्हटलं थांबा, जरा आकडे मांडून बघते.

पहिलं जे लक्षात आलं ते म्हणजे फी आणि व्याज एका मापाने मोजता येत नाही. व्याज पैसे जितके दिवस राहतील तितकंच लागतं, फी मात्र पहिल्याच दिवशी पूर्ण लागते, मग तुम्ही पैसे एका महिन्यात फेडा नाहीतर सहा महिन्यांत. ट्रान्सफरमुळे महिन्याला अडीच टक्के वाचणार आणि फी ३ टक्के, म्हणजे एखादी रक्कम तिकडे सव्वा महिना तरी राहिली तरच तिची फी वसूल होते. त्याच्या आत फेडणार असाल तर ट्रान्सफर तोट्यात.

आणि माझ्या बाबतीत हाच मुद्दा होता, कारण ४०,००० मला पुढच्याच महिन्यात येणार होते आणि ते तसेच्या तसे कार्डावर भरायचे ठरले होते. ते ४०,००० ट्रान्सफर केले असते तर फी १,२०० आणि महिन्याचं व्याज ४०० च्या आसपास, एकूण साधारण १,६००. जुन्या कार्डावर महिनाभर तसेच ठेवले तर व्याज १,४००. म्हणजे "स्वस्त" कार्डावर टाकून साधारण २०० जास्त गेले असते, वर फीवरचा कर वेगळा! नवऱ्याला हे कागदावर दाखवलं तेव्हा पटलं. त्यामुळे ठरवलं की १,००,००० ट्रान्सफर करायचे आणि ४०,००० जुन्या कार्डावरच राहू द्यायचे.

आता त्या एक लाखाचं बघू. महिन्याला १२,००० भरणं मला जमण्यासारखं होतं. जुन्या कार्डावर राहिले असते तर सहा महिन्यांत ७२,००० भरूनसुद्धा ४४,३०० च्या आसपास उरले असते, म्हणजे १६,३०० नुसतं व्याजात गेलं असतं. नव्या कार्डावर फी शिल्लकेतच मिळवतात, म्हणून सुरुवात एक लाखाने नाही तर १,०३,००० ने होते (हे बरेच जण विसरतात, आणि त्या फीवरही १ टक्का लागतोच). तेच १२,००० भरत गेलं की सहा महिन्यांनी साधारण ३५,५०० उरतात. फरक जवळजवळ ८,८००. सहा महिन्यांतच पूर्ण मोकळं व्हायचं तर महिन्याला १७,८०० च्या आसपास भरावे लागतात, ते मला झेपणारं नव्हतं.

बरेच लोक सांगतात की मुदतीत पूर्ण फेडता येत नसेल तर बॅलन्स ट्रान्सफर घेऊच नका. मला ते पटत नाही, कारण वरच्या हिशोबात ३५,५०० उरले तरी ८,८०० वाचतायत ना. पण हे एका अटीवर खरं आहे. मुदत संपल्यावर जादा दर फक्त उरलेल्या रकमेवर लागायला हवा. काही योजनांमध्ये पूर्ण फेड झाली नाही तर मागच्या सगळ्या महिन्यांचं व्याज पहिल्यापासून जादा दराने लावतात, तसं असेल तर सगळा हिशोबच उलटतो. म्हणून फोनवर मी पहिलं हेच विचारलं. त्या मुलाला नीट सांगता येईना, तो परत परत "ओन्ली वन पर्सेंट मॅडम" वर येत होता, शेवटी मी म्हटलं अटींची पीडीएफ मेल करा. त्यात लिहिलं होतं की उरलेल्या शिल्लकेवर नेहमीचा दर, म्हणजे तिथेही साडेतीनच, आणि मागचं काही नाही.

पीडीएफमध्ये आणखी दोन गोष्टी सापडल्या ज्या फोनवर कोणी बोललं नव्हतं. एक म्हणजे एखादा हप्ता चुकला की १ टक्क्याचा दर तिथेच बंद, पुढे नेहमीचा दर. म्हणून पहिल्याच दिवशी ऑटो डेबिट लावलं. दुसरी जास्त फसवी आहे. ट्रान्सफरची शिल्लक उभी असेपर्यंत नव्या कार्डावरच्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, काही घेतलं की त्याच दिवसापासून साडेतीन टक्क्याने मीटर चालू. ऑफरबरोबर कॅशबॅकचं कूपन पाठवतात ते त्यासाठीच असावं असा मला संशय आहे. मी ते कार्ड कपाटात ठेवलं आणि अॅपमध्ये त्याची ऑनलाइन खरेदी बंद केली.

लिमिटचं पण बघून घ्या, नव्या कार्डाचं पूर्ण लिमिट ट्रान्सफरला मिळतंच असं नाही, ठरावीक टक्केच मिळतात आणि फीसुद्धा त्यातच बसायला लागते. माझं बसलं.

एक शेवटचा भाग जुन्या कार्डाचा. ट्रान्सफर मंजूर झाला म्हणजे पैसे पोचले असं नाही, मध्ये काही दिवस जातात आणि तोवर जुन्या कार्डाची ड्यू डेट आली तर मिनिमम भरावंच लागतं, नाहीतर लेट फी. शिवाय व्याज रोजच्या रोज धरतात, त्यामुळे स्टेटमेंट निघाल्यापासून पैसे पोचेपर्यंतच्या दिवसांचं व्याज पुढच्या स्टेटमेंटला येतं. एक लाखावर आठ दिवस गेले तरी ते ९३० च्या आसपास होतं. माझंही आलं, आणि ४०,००० भरताना मी ते व्याज धरूनच थोडे जास्त भरले, नाहीतर किरकोळ रक्कम राहून तिच्यावरही व्याज फिरत राहतं. जुनं कार्ड शून्यावर आल्याचं स्टेटमेंट बघितल्यावरच विषय सोडला.

सहा महिन्यांनी ३५,५०० उरतील तेव्हा तिसऱ्या कार्डावर परत ट्रान्सफर करायचं का, हेही बसल्या बसल्या मांडून बघितलं. तेच १२,००० भरत राहिलं तर ते चार महिन्यांत फिटतात आणि साडेतीन टक्क्याने व्याज साधारण २,६५० जातं. परत ३ टक्के फी आणि १ टक्का दर धरला तर १,८०० च्या आसपास. वाचतात आठशे-साडेआठशे, त्यातून फीवरचा कर वजा. एवढ्यासाठी नवीन कार्डाचा अर्ज, केवायसी आणि परत पीडीएफ वाचणं मी करणार नाही, त्यापेक्षा त्या चार महिन्यांत हप्ता थोडा वाढवेन.