पांढऱ्या सदऱ्याचा करडा रंग

आषाढी वारीच्या छायाचित्रांत एक गोष्ट वारंवार आढळते. दिवे घाटाची वाट हजारो वारकऱ्यांनी भरलेली असते, आकाश ढगाळ असते, उजेड सगळीकडे सारखा पसरलेला असतो, आणि तरीही छायाचित्रातले सदरे, धोतरे आणि टोप्या मळकट, करड्या दिसतात. छायाचित्रकार त्याचा दोष पावसाळी हवेला देऊन मोकळा होतो. हवेचा त्यात फारसा संबंध नसतो. कॅमेऱ्याने आपले नेमलेले काम चोख केल्यामुळेच ते सदरे करडे झालेले असतात.

कॅमेऱ्यातला मीटर वस्तूवर किती प्रकाश पडतो हे मोजत नाही, तर वस्तूवरून परावर्तित होऊन भिंगात किती प्रकाश येतो हे मोजतो. समोर पांढरे कापड आहे की काळी घोंगडी, हे त्याला खात्रीने कळण्याचा मार्ग नसतो. म्हणून समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे असणार, असे तो ढोबळमानाने गृहीत धरतो. झाडे, माती, घरे, माणसे अशा मिश्र दृश्यात हे गृहीतक बहुधा खरे ठरते. चौकट पांढऱ्या सदऱ्यांनीच भरली, की मीटरला उजेड जास्त झाल्यासारखा वाटतो आणि तो छायाचित्र गडद करतो. आजचे मीटर चौकटीचे अनेक भाग पाडून मोजतात आणि काही प्रमाणात दृश्याचा अंदाजही बांधतात. पण त्यामुळे ही चूक कमी होते, नाहीशी होत नाही.

ती चूक झाली आहे हे कॅमेऱ्याच्या पडद्यावर छायाचित्र पाहून ओळखता येईलच असे नाही. भर दुपारी पडदा अंधूक दिसतो आणि रात्री तोच पडदा डोळ्यांत भरतो, त्यामुळे डोळ्यांचा अंदाज दोन्ही वेळा फसतो. हिस्टोग्रामवर, म्हणजे कॅमेरा दाखवतो त्या छटांच्या आलेखावर, मात्र बाहेरच्या उजेडाचा परिणाम होत नाही. त्याच्या आडव्या रेषेवर डावीकडे शुद्ध काळा म्हणजे ० आणि उजवीकडे शुद्ध पांढरा म्हणजे २५५ असतो, आणि प्रत्येक छटेचे जितके ठिपके छायाचित्रात असतील तितका आलेख त्या जागी उंच होतो. उंचीकडे फार लक्ष देण्याचे कारण नाही. पाहायचे असते ते एवढेच, की उंचवटा कोठे आहे आणि तो कोणत्या कडेला टेकला आहे का.

करड्या सदऱ्यांच्या छायाचित्राचा हिस्टोग्राम उघडला, की मोठा उंचवटा मध्यभागी आणि उजवीकडचा बराच भाग रिकामा दिसतो. नवशिक्यांना सांगितले जाते की मध्यभागी उंचवटा असलेला हिस्टोग्राम आदर्श असतो. माझ्या मते या सल्ल्याने जितकी छायाचित्रे बिघडली असतील, तितकी चुकीच्या भिंगांनीही बिघडली नसतील. समोर बहुतांश पांढरे कापड असताना उंचवटा मध्यभागी असणे हीच बिघाडाची खूण आहे. तो उजवीकडे असायला हवा होता.

त्याला उजवीकडे नेण्याचे साधन म्हणजे एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजेच अधिक-उणे चिन्हांचे बटण किंवा चकती. समजा, कॅमेरा अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर आहे, आयएसओ २०० आणि अ‍ॅपर्चर एफ ८ ठरवून दिले आहे, आणि सदऱ्यांकडे पाहून मीटरने शटरचा वेग १/५०० सेकंद निवडला आहे. आता +१ दिले, की कॅमेरा तोच वेग १/२५० वर आणतो, प्रकाश दुप्पट होतो, उंचवटा उजवीकडे सरकतो आणि त्याच्या व उजव्या कडेच्या मध्ये थोडीशी फट उरते. कापड पांढरे दिसते, शिवाय त्याच्या चुण्याही दिसतात. आणखी पुढे जाऊन +१ २/३ दिले आणि आलेख उजव्या कडेला भिंतीसारखा चिकटला, तर ते ठिपके २५५ वर जाऊन थांबले, त्यांतला तपशील गेला, असे समजावे. जेपीईजी छायाचित्रात तो नंतर कोणत्याही संपादनाने परत येत नाही. म्हणून एक तृतीयांशाच्या पायऱ्यांनी मागे यावे. टाळांच्या पितळेवर चमकणारा एखादा ठिपका मात्र खुशाल कडेला टेकू द्यावा, कारण त्या चमकेत टिपण्यासारखे काही नसतेच.

याची दुसरी बाजू मेंढपाळाच्या काळ्या घोंगडीत दिसते. तुकाराम महाराजांच्या पालखीभोवती काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते. तेथे तशाच ढगाळ उजेडात घोंगडी पांघरलेला एखादा धनगर जवळून टिपायचा म्हटले, तर त्याच आयएसओवर आणि त्याच अ‍ॅपर्चरवर मीटर १/१२५ सुचवील. घोंगडी धुरकट राखाडी होईल, चेहरा फिकट पडेल, आणि हिस्टोग्राम पुन्हा तोच फसवा मध्यभागी उंचवटा दाखवील. येथे −१ द्यायचे, म्हणजे वेग १/२५० होतो. सदऱ्यांसाठी अधिक आणि घोंगडीसाठी उणे केल्यावर वेग दोन्हीकडे एकच येतो, याचे आश्चर्य वाटायला नको. उजेड सारखाच होता. फरक मीटरच्या अंदाजात होता. आयएसओ कायम ठेवून मॅन्युअलवर हाच वेग पक्का केला, तरी काम होते. मात्र तेव्हा बहुतेक कॅमेऱ्यांवर कॉम्पेन्सेशनची चकती फिरवून छायाचित्रात काही फरक पडत नाही, हे लक्षात असू द्यावे.

भगव्या पताकांच्या बाबतीत साधा हिस्टोग्राम दगा देतो. तो तिन्ही रंगांची मिळून उजळता दाखवतो आणि त्या हिशेबात हिरव्याला सर्वांत जास्त वजन असते. पताकेचा लाल घटक २५५ ला टेकला, तरी एकूण आलेख कडेपासून दूरच राहतो, आणि छायाचित्रात पताका घड्या नसलेल्या एकसलग भगव्या पट्ट्यासारखी येते. कॅमेऱ्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन वेगळे आलेख दाखवण्याची सोय असेल, तर ती सुरू करून लाल आलेखाकडे पाहावे आणि +१ वरून +२/३ किंवा +१/३ वर यावे. सदरे किंचित दबतील, पण ते नंतर उजळता येतात. रॉ पद्धतीने टिपणाऱ्याला येथे थोडी सवलत असते: पडद्यावरचा हिस्टोग्राम रॉ फाइलवरून नव्हे, तर तिच्या जेपीईजी नमुन्यावरून काढलेला असतो, त्यामुळे तो कडेला टेकल्यावरही मूळ फाइलमध्ये काही तपशील शिल्लक असू शकतो. ती सवलत नेमकी किती, हे आपापल्या कॅमेऱ्यावर आधी पाहून ठेवावे.

घाटाच्या खालून वर पाहत टिपताना मात्र चकती हतबल होते. वर झगझगीत ढगाळ आकाश आणि खाली सावळे चेहरे असले, की आलेखाला दोन उंचवटे येतात, एक डाव्या कडेला आणि एक उजव्या. कॉम्पेन्सेशन दोघांनाही एकाच दिशेने सरकवते. त्यांच्यातले अंतर कमी करणे त्याच्या हातात नसते. चेहरे हवे असतील, तर आकाश पांढरेफटक होणार हे मान्य करून अधिक द्यावे. नाहीतर वरच्या वळणावर जाऊन खाली पाहावे. मग आकाश चौकटीबाहेर जाते, मागे हिरवा उतार आणि ओला रस्ता उरतो, आणि आलेखाच्या उजव्या टोकाला सदरे व टोप्या यांखेरीज फारसे काही राहत नाही.